मंगळावरचं पाणी आणि हवा गेली कुठे?

जुलै १९६५ मध्ये नासाचं मरिनर ४ यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने वीसएक फोटो पाठवले, त्यात नुसते खड्डेच खड्डे, म्हणजे थेट चंद्राचा भाऊ. सगळ्यांचा मूडच गेला. पण ते फोटो होते जेमतेम एक टक्का भागाचे! १९७१ ला मरिनर ९ कक्षेत पोचलं तेव्हा ग्रहभर धुळीचं वादळ चालू होतं, ते ओसरेपर्यंत थांबावं लागलं आणि मग दिसल्या फाटे फुटलेल्या, वळणं घेत जाणाऱ्या कोरड्या दऱ्या, आणि त्या बहुतेक दक्षिणेकडच्या जुन्या, खड्डेवाल्या जमिनीवर. म्हणजे पाणी वाहिलं ते साधारण साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी.

तरी शंका राहतेच, की दरी लाव्हानेही होऊ शकते. मग २०१२ मध्ये क्युरिऑसिटी रोव्हरला गेल क्रेटरमध्ये एक फुटलेला खडक सापडला, वाळूत घट्ट बसलेले गोल गुळगुळीत गोटे, तुटक्या काँक्रीटसारखा. त्यातले काही गोटे इतके मोठे की वाऱ्याने हलणारच नाहीत, आणि गोटा गोल होतो तो पाण्यात घरंगळून. हिशोब निघाला घोटा ते कंबर एवढं पाणी, माणसाच्या चालण्याच्या वेगाने वाहणारं.

आता गोची अशी की आज तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यात पाणी नदीसारखं टिकूच शकत नाही, लगेच गोठतं नाहीतर उडून जातं. म्हणजे तेव्हा हवा जाड होती. मग ती गेली कुठे?

मंगळाचं चुंबकीय क्षेत्र साधारण चार अब्ज वर्षांपूर्वी बंद पडलं, त्याची खूण फक्त जुन्या खडकांत उरलीय. मग ती ढाल गेल्यामुळे सूर्यावरून येणारा कणांचा झोत थेट वरच्या हवेवर. तो तिथल्या आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंना पकडतो, त्यातले काही परत हवेत आपटतात आणि बाकीच्या अणूंना अवकाशात उडवतात. हे कळलं कसं, तर आर्गॉन वायूवरून (मला हा पुरावा सगळ्यात भारी वाटतो). आर्गॉन कशाशीच रिॲक्ट होत नाही, खडकात मुरला असं म्हणायची सोयच नाही, जायला वाट एकच, ती वर. त्यात आर्गॉनचे अणू कमी-जास्त वजनाचे असतात, आर्गॉन ३६ हा आर्गॉन ३८ पेक्षा हलका, म्हणून उंचावर त्याचं प्रमाण जास्त आणि उडतोही तोच जास्त, खाली ३८ चा वाटा वाढत जातो. मेव्हन यानाने २०१४ पासून वेगवेगळ्या उंचीवर हे प्रमाण मोजलं आणि २०१७ मध्ये उत्तर आलं, हवेत कधीकाळी आलेल्या आर्गॉनपैकी जवळपास दोन तृतीयांश अवकाशात गेलाय. आपलं मंगळयान मेव्हनच्या मागोमाग दोन-तीन दिवसांत पोचलेलं, त्याच्यावरही वरची हवा मोजायचं उपकरण होतं.

पाण्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. ऊन वाफेचे तुकडे करतं, हायड्रोजन निसटतो, जड हायड्रोजन मागे राहतो, म्हणून तिथल्या पाण्यात तो पृथ्वीच्या पाच-सहा पट आहे. पण सगळं पाणी वर गेलं नाही, बराचसा भाग मातीच्या खनिजांत अडकलाय आणि काही ध्रुवांवर आणि जमिनीखाली बर्फ होऊन पडलंय. त्यातलं किती कुठे गेलं यावर अजून भांडणं चालू आहेत.