नमुना उत्तर हातात असताना रुब्रिक कशाला?

पेपर काढताना आपण आकलनाच्या प्रश्नाखाली एक छानसं नमुना उत्तर लिहितो आणि रुब्रिक तयार झालं असं समजतो. पण नमुना उत्तरातून पूर्ण गुणांचं एक उत्तर कसं असेल एवढंच कळतं. वर्गातली निम्मी उत्तरं तसली नसतात. त्यांना किती गुण द्यायचे आणि का, हे रुब्रिकमध्ये लिहावं लागतं.

समजा, नेरूळच्या एखाद्या शाळेत सातवीला ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर उतारा दिलाय. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात, भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, मग उथळ तळ्यांवर येऊन विसावतात, असा मजकूर. प्रश्न: भरतीच्या वेळी फ्लेमिंगो तळ्यांवर का येतात? गुण २.

नमुना उत्तर: 'भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली गेल्याने पक्ष्यांना तिथे उभं राहता येत नाही, म्हणून ते उथळ तळ्यांवर येतात.'

आता मुलांची उत्तरं बघा. एक लिहितो, 'चीखल बूडतो मग पाय टेकत नाहीत म्हणून.' वाक्य अपुरं, शुद्धलेखनाची बोंब. नमुन्याशी ताडून बघणारा सहज एक गुण कापेल. दुसरी 'भरती आली की चिखल पाण्याखाली जातो' हे उताऱ्यातलं वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून थांबते. तिसरा लिहितो, 'तिथे विश्रांती घेतात.' हे खरं आहे, पण 'का' सुटलं.

रुब्रिक करताना आधी उत्तरात काय हवंच ते ठरवायचं. इथे दोन गोष्टी: चिखल बुडणं, आणि त्यामुळे तिथे उभं राहणं किंवा चरणं न जमणं. दोन्ही असतील तर २, शब्द कुठलेही असोत. एकच असेल तर १. नुसती विश्रांती, किंवा उताऱ्यात नसलेलं 'तळ्यात मासे असतात' असलं काही, तर ०. शुद्धलेखनाचे गुण इथे कापायचे नाहीत, हेही स्पष्ट लिहायचं. म्हणजे पहिल्याला २, दुसरीला १, तिसऱ्याला ०. 'उत्तर समाधानकारक असल्यास १' असली ओळ मात्र नको. प्रत्येकाचं समाधान वेगळं. दोन गुणांच्या प्रश्नाला पाच पायऱ्याही करू नयेत, अर्ध्या गुणावरून नुसती घासाघीस होते.

मग थोड्या उत्तरपत्रिका दोघांनी एकमेकांचे गुण न बघता तपासायच्या. 'पाणी वाढतं म्हणून' या उत्तराला एकाने १ दिला, दुसऱ्याने ०, तर ही ओळ निर्णयासकट रुब्रिकमध्ये घालायची आणि आधी तपासलेली तशी उत्तरं पुन्हा काढून बघायची. बहुतेक मुलं वाक्य उतरवून १ वर थांबत असतील, तर दोष बहुधा प्रश्नाचा आहे. 'चिखल बुडाल्यावर पक्ष्यांची काय अडचण होते?' असं विचारलं, तर नुसतं उतरवून भागत नाही.