पाच वर्षं झाली की ताबा वडिलांचा?

"मूल पाच वर्षांचं झालं की ताबा आपोआप वडिलांकडे जातो ना?"

नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 मध्ये एवढंच आहे की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पुढे काय, ते कलम 13 ठरवतं: मुलाचं हित सर्वोपरी. वडील नैसर्गिक पालक असले तरी त्यावरून ताबा मिळतोच असं नाही.

समजा, सहा वर्षांची मुलगी आईजवळ राहते. वडिलांचा पगार तिप्पट, म्हणून ते ताबा मागतात. न्यायालय पाहतं की तिला शाळेत कोण सोडतं, आजारपणात रात्री कोण जागतं, शाळा बदलावी लागेल का. पगारातली तफावत पोटगीने भरून निघते. तुटलेली घडी तशी बसत नाही. त्यामुळे बहुधा ताबा आईकडे राहतो आणि वडिलांना भेटीचे दिवस, सुट्ट्यांतला काही काळ मिळतो. मुलगी समजती झाली की तिचं मतही विचारात घेतात, मात्र ते पढवलेलं वाटलं तर वजन उरत नाही.

सगळं बिघडतं ते अर्जाआधी मूल परस्पर उचलून नेल्याने. त्याने हक्क वाढत नाही, उलट न्यायालयाचा विश्वास जातो. परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो.