मुंबई बुडवताना शून्य कुठे धरायचं?

दर पावसाळ्यात एक नकाशा मोबाइलवर फिरतो. निळ्या रंगात बुडालेली मुंबई, कोपऱ्यात '२०५०' आणि खाली 'सगळ्यांना पाठवा'. ऑक्टोबर २०१९ मध्ये या नकाशांना उधाण आलं, कारण त्या वेळी त्यामागे खरोखरच एक शोधनिबंध होता. 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या त्या निबंधात किनारी जमिनीच्या उंचीचे आकडे सुधारले होते, आणि सुधारल्यावर धोक्यातल्या लोकांची जागतिक संख्या जवळपास तिप्पट निघाली. नकाशातला निळा रंग मात्र 'वर्षातून सरासरी एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखालची जमीन' दाखवत होता. समुद्राने कायमची गिळलेली जमीन ती नव्हे. हा फरक फॉरवर्ड होता होता गळून पडला आणि उरलं ते भाकीत. जुलै उजाडला की मुंबई बुडण्याच्या तारखा सांगणारे ज्योतिषी आणि हा नकाशा, दोघांचीही हल्ली एकाच ग्रुपवर वस्ती असते.

असा नकाशा करायची रीत ऐकायला फार सोपी आहे. जमिनीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाची उंची लिहायची. या आकड्यांच्या जाळीला डीईएम म्हणतात. मग पाण्याची एक पातळी ठरवायची आणि तिच्याखालचे सगळे चौकोन निळे करायचे. क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये हे एका ओळीचं काम आहे:

```
"mithi_dem@1" <= 2.5
```

इमारतींचा थर त्यावर टाकायचा आणि निळ्यात आलेली घरं मोजायची. पाच मिनिटांत आकडा हातात. गोम आहे ती या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा यात.

पहिला घोटाळा शून्याचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी ४.४८ मीटरची भरती होती. हे ४.४८ थेट वरच्या ओळीत टाकलं, तर अर्धं शहर निळं होतं. पण भरतीच्या तक्त्यातलं शून्य ओहोटीच्या नीचतम पातळीजवळ असतं. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. डीईएममधल्या उंच्या मात्र साधारण सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेल्या असतात. म्हणजे वर्तमानपत्रातली साडेचार मीटरची भरती नकाशावर फक्त दोन मीटर. यात महापालिकेच्या कामात वापरलं जाणारं 'टाऊन हॉल डेटम' हे तिसरंच शून्य मिसळलं, तर नाल्याची पातळी एका शून्यावरची आणि जमिनीची दुसऱ्यावरची असा कारभार होतो. नकाशा तरीही छान दिसतो.

आता मला या सगळ्यात जे सर्वांत आवडतं, तिकडे वळतो. पाणी पातळीखालच्या प्रत्येक जागी आपोआप उगवत नाही. नदीपासून तिथपर्यंत त्याला वाट लागते. खाली एक कल्पित तुकडा आहे. डावीकडचा स्तंभ नदीचा, दुसरा काठाचा, मधला रेल्वेच्या भरावाचा, त्यापलीकडे सखल वस्ती आणि शेवटी मोकळी जमीन. आकडे मीटरमध्ये.

```
१.२  २.६  ३.४  २.९  ३.८
१.१  २.४  ३.६  २.०  ३.१
१.१  २.२  ३.५  २.१  ३.०
१.०  २.३  ३.३  २.५  ३.२
१.०  २.७  ३.७  ३.४  ३.९
```

समजा काठावर २.२, २.३ आणि २.४ मीटरच्या चौकोनांत अनुक्रमे ८, ४ आणि ६ घरं आहेत. भरावापलीकडे २.०, २.१, २.५ आणि २.९ मीटरच्या चौकोनांत १२, ९, ७ आणि ५. एकूण ५१. पाणी २.५ मीटरवर आलं, तर वरच्या सोप्या रीतीने ४६ घरं बुडतात, कारण पलीकडची २८ घरंही पातळीखालीच आहेत. पण मध्ये भराव उभा आहे, पाणी तिकडे पोचणार कसं? नदीला जोडलेले चौकोनच धरले, तर बुडतात फक्त काठावरची १८.

म्हणून प्रत्येक घराला दोन उंच्या द्यायला हव्यात. एक त्याच्या जमिनीची आणि दुसरी 'पाणी किती चढलं की इथे पोचतं' याची. ही दुसरी उंची काढण्याची युक्ती सुंदर आहे. नदीच्या चौकोनांपासून सुरुवात करायची. आतापर्यंत गाठलेल्यांपैकी ज्याची पोचपातळी सर्वांत कमी, तो चौकोन उचलायचा. त्याच्या प्रत्येक शेजाऱ्याला दोन आकड्यांतला मोठा आकडा द्यायचा: शेजाऱ्याची स्वतःची उंची किंवा उचललेल्या चौकोनाची पोचपातळी. मग पुन्हा सर्वांत कमी उचलायचा. नकाशावर सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची संगणकशास्त्रातली रीत जवळजवळ अशीच चालते. फक्त तिथे अंतरांची बेरीज करतात, इथे वाटेतला सर्वांत उंच उंबरठा तेवढा लक्षात ठेवायचा.

आपल्या तुकड्यावर चालवून बघा. नदीनंतर काठाचे २.२, २.३, २.४, २.६ आणि २.७ हे चौकोन क्रमाने उचलले जातात. आता समोर भराव, त्यातला सर्वांत बुटका चौकोन ३.३ चा. तो उचलला की त्याचा शेजारी २.५ चा असला तरी त्याला ३.३ मिळतात. मग २.१ च्या चौकोनाला ३.३, २.० च्या चौकोनाला ३.३, २.९ लाही ३.३. सगळी वस्ती एकाच क्षणी दगावते. म्हणजे पाणी २.४ पासून ३.३ मीटरपर्यंत चढत राहिलं तरी मोजणी १८ वर अडून बसते, आणि ३.३ ला एकदम ५१ होते. एकदाच हिशेब करून प्रत्येक पातळीचं उत्तर मिळतं. वेगवेगळ्या पातळ्यांचे दहा नकाशे रंगवण्यापेक्षा हा एक आलेख मला कधीही जास्त बोलका वाटतो.

इथे गोष्ट संपली असती, तर रेल्वेचा भराव हा मुंबईचा तारणहार ठरला असता. पण भरावाखाली मोऱ्या असतात. उपग्रहाला त्या दिसत नाहीत, तो वरून रुळच बघतो. तिसऱ्या ओळीतल्या ३.५ च्या चौकोनाखाली १.८ मीटर तळाची मोरी आहे असं धरा आणि तो आकडा बदला. आता २.२ मीटरलाच पाणी पलीकडे जातं आणि काठावरच्या ८ घरांबरोबर वस्तीतली २१ घरं बुडतात. २.५ ला संख्या पुन्हा ४६. म्हणजे ज्या सोप्या रीतीला आपण नाक मुरडलं, तिचंच उत्तर आलं! अर्थात योगायोगाने. जोडणी तपासणारी रीत शहाणी असते ती मोऱ्या, नाले आणि झडपा डीईएममध्ये हाताने घातल्यावरच. मुंबईत हे टाळता येत नाही. इथे पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी बहुतेक पातमुखं मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. झडप नसेल, तर पाणी बाहेर नेणाऱ्या नाल्यातूनच समुद्र आत येतो.

यापेक्षाही मोठी खोट जमिनीच्या आकड्यांत आहे. फुकट मिळणारं प्रसिद्ध डीईएम फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानातून रडारने मोजलं गेलं. त्याचा चौकोन सुमारे ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर. कुर्ल्याला मिठीच्या काठी, क्रांतीनगरसारख्या वस्तीत, एवढ्या जागेत गल्ल्या धरूनही चाळीसेक झोपड्या सहज मावतात. रडारची लहर त्यांच्या पत्र्यांवरून परतते, गल्लीतल्या लादीपर्यंत जवळपास पोचतच नाही. त्यामुळे चौकोनाला मिळते ती बरीचशी छपराची उंची. मिठी चढली की ज्या वस्तीला पहिल्यांदा हलवावं लागतं, ती या नकाशावर दोन-तीन मीटर उंच टेकाडावर सुखरूप बसलेली दिसते. २०१९ च्या त्या निबंधाने जे दुरुस्त केलं ते मुख्यतः हेच, आणि आकडा तिप्पट झाला तोही यामुळेच.

ही खोट ओळखायला फार काही लागत नाही. बीकेसीजवळच्या एखाद्या मोकळ्या मैदानातून शेजारच्या दाट वस्तीत जाणारी रेघ नकाशावर ओढायची आणि तिच्यावरच्या उंच्या बघायच्या. वस्तीच्या हद्दीवर जमीन अचानक मजलाभर उचलली गेली, तर ती जमीन नव्हे. झाडं आणि इमारती वजा केलेली डीईएम आता मिळतात, पण त्यांतही चूक एखाद-दोन मीटरची राहू शकते. आपल्या आलेखावर ती किती महागात पडते बघा. मोरी नसलेल्या तुकड्यात २.५ ला १८ घरं होती. सगळे आकडे मीटरभर इकडेतिकडे धरले, म्हणजेच १.५ आणि ३.५ ला वाचलं, तर उत्तर शून्य ते ५१. '१८ घरांना धोका' असं छापणाऱ्याने हेही छापायला हवं.

घरांच्या मोजणीतही अशीच गंमत आहे. ओपनस्ट्रीटमॅप किंवा गूगलच्या इमारतींच्या थरात चिकटून असलेल्या चाळीस खोल्यांचा एकच बहुभुज झालेला असतो, आणि शेजारचा वीस मजली टॉवरही एकच. मोजणीत दोघे सारखे. त्यामुळे झोपडपट्टीत बहुभुज मोजण्यापेक्षा छपराच्या क्षेत्रफळावरून खोल्यांचा अंदाज बांधलेला बरा. टॉवरमध्ये तळमजल्यापुरतंच बोलावं. जोत्याची उंची वेगळी मिळवावी लागते. ज्याने घराचं जोतं दोन फूट चढवून घेतलंय, त्याच्या गल्लीत पाणी येतं पण घरात येत नाही.

आणि जोडणीच्या कसोटीतून गळलेले चौकोन सुरक्षित नसतात. परळचं हिंदमाता घ्या. ती जागा बशीसारखी खोलगट, तिथे समुद्राची वाट बघावी लागत नाही, पाऊसच पुरतो. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या समुद्रपातळीच्या नकाशात अशी सखल पण न जोडलेली जमीन वेगळ्या, हिरव्या रंगात दाखवतात. आपल्याकडच्या नकाशांनी निदान एवढी नक्कल करायला हरकत नाही.

राहिला वेळ. या रीतीत घड्याळच नाही. पाणी २.५ ला आलं की सगळे जोडलेले चौकोन त्याच क्षणी २.५ पर्यंत भरतात असं ती धरते. आपल्या तुकड्यातले चौकोनही ३० मीटरचे धरले, तर मोरीपलीकडे तेवढं भरायला सुमारे ८१० घनमीटर पाणी लागतं. एक चौरस मीटरच्या मोरीतून सेकंदाला एक मीटर वेगाने पाणी आलं, तर चौदा मिनिटांत काम होतं. तिथे नकाशा खरा. तीच मोरी, पण पलीकडची वस्ती शंभरपट मोठी असेल, तर भरायला बावीस तासांहून जास्त लागतील, आणि भरती तर सहा तासांत ओसरून गेलेली असते. तिथे निळा रंग खोटा. नकाशावर दोन्ही जागा अगदी सारख्याच निळ्या दिसतात. त्यांतली कुठली खरी, हे ठरवायला मोरीपाशी टेप घेऊन उभं राहावं लागतं.