सायबर जोखमीचे अंतर्गत लेखापरीक्षण

संस्थेच्या माहिती-यंत्रणेवरील नियंत्रणे कागदावर आहेत तशीच प्रत्यक्षात चालतात का, याची संस्थेतल्याच पण माहिती तंत्रज्ञान विभागाच्या अधीन नसलेल्या लेखापरीक्षकांनी पुराव्यानिशी केलेली तपासणी म्हणजे सायबर जोखमीचे अंतर्गत लेखापरीक्षण. फसव्या ईमेलने जाळ्यात ओढणारे फिशिंग, यंत्रणेवर जादा अधिकार असलेली विशेषाधिकार खाती आणि हल्ला लक्षात आल्यावरचा घटना-प्रतिसाद हे तिचे तीन भाग एकाच हल्ल्याचे टप्पे असल्याने ते एकत्र तपासणे इष्ट ठरते. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेश बँकेत, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेत, झालेल्या चोरीत हे स्पष्ट दिसते.

अमेरिकेच्या न्याय विभागाच्या आरोपपत्रानुसार, त्या बँकेच्या कर्मचाऱ्यांना 2015 च्या सुरुवातीलाच नोकरीच्या अर्जाच्या रूपात फसवे ईमेल आले होते. कर्मचाऱ्यांना मुद्दाम बनावट ईमेल पाठवून घेतलेल्या फिशिंगच्या सरावात किती जणांनी दुव्यावर क्लिक केले, एवढाच आकडा बहुधा अहवालात दिला जातो. तो अपुरा आहे, कारण हल्लेखोराला एकच क्लिक पुरते. पहिली तक्रार किती मिनिटांत आली आणि त्यानंतर तोच ईमेल इतरांच्या पेटीतून काढला गेला का, हे लेखापरीक्षकाने पाहिले पाहिजे.

यंत्रणेत शिरलेल्या हल्लेखोरांनी पुढे बँका एकमेकींना देयकांचे आदेश ज्यावरून पाठवतात ती स्विफ्ट संदेशप्रणाली वापरण्याचे अधिकार मिळवले. विशेषाधिकार खात्यांची तपासणी म्हणूनच सर्वांत खोलवर करावी लागते. विभागाने दिलेली यादी लेखापरीक्षकाने तशीच स्वीकारू नये. प्रत्येक सर्व्हर, डेटाबेस आणि डोमेनमधून प्रशासक खात्यांची यादी आपल्या देखरेखीखाली काढून घ्यावी आणि ती मनुष्यबळ विभागाच्या सध्याच्या नोंदींशी ताडावी. नोकरी सोडलेल्यांची चालू खाती, अनेकांनी वाटून घेतलेला एकच पासवर्ड आणि माणसांऐवजी प्रोग्रॅम वापरतात अशी, कोणाचीच जबाबदारी नसलेली सेवा-खाती या जुळवणीत उघडी पडतात. खात्याच्या वापराच्या नोंदी ज्या यंत्रावर साठतात, तिथे त्याच प्रशासकाला त्या पुसता येत असतील तर तो पुरावा ग्राह्य धरता येत नाही.

चोरांनी गुरुवारी, 4 फेब्रुवारीच्या रात्री, बांगलादेश बँकेचे खाते असलेल्या न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे वळते करण्याचे आदेश पाठवायला सुरुवात केली. घटना-प्रतिसादाची कसोटी इथेच लागली: शुक्रवार-शनिवार बांगलादेशात सुट्टी, रविवारी न्यूयॉर्क बंद आणि सोमवारी फिलिपाइन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी होती. व्यवहारांच्या नोंदी छापणारा प्रिंटर बंद पडलेला आढळला, पण तो साधा बिघाड समजला गेला. 10.1 कोटी डॉलर बाहेर गेले. त्यांपैकी श्रीलंकेला गेलेले 2 कोटी परत मिळाले, तर 8.1 कोटी मनिलाच्या बँकेतील खात्यांत पोहोचले.

भारतात सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. प्रतिसाद-आराखड्यावरील स्वाक्षऱ्यांवरून ही तयारी सिद्ध होत नाही. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी, पूर्वसूचना न देता, आराखड्यातील क्रमांकांवर फोन करून कोण उचलतो, खाते गोठवण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे का आणि समोरच्या बँकेला देयक थांबवण्याचा संदेश कोणत्या पर्यायी मार्गाने जाईल, हे प्रत्यक्ष वेळ मोजून नोंदवावे लागते.