खोकून खोकून दुखणारी बरगडी : कूर्चेला सूज की हाडाला चीर?

सर्दी-ताप चार दिवसांत उतरतो, खोकला मात्र महिनाभर मुक्काम ठोकतो. उबळींनी छाती दुखायला लागली की बहुतेक जण ‘उसण भरली’ म्हणून सोडून देतात. बऱ्याचदा ते खरंही असतं, कारण बरगड्यांमधले स्नायू ताणले गेलेले असतात. पण दुखणं एका ठरावीक जागी बोट ठेवून दाखवता येत असेल, तर आणखी दोन शक्यता तपासायला हव्यात.

त्यासाठी बरगडीची रचना थोडी समजून घेऊ. पाठीच्या मणक्यापासून निघालेलं बरगडीचं हाड छातीच्या मधल्या हाडापर्यंत थेट पोचत नाही. पुढचा काही भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक असतो. श्वासागणिक छाती फुलते ती या लवचिकपणामुळे. प्रत्येक उबळीला कूर्चा हाडाला जिथे जुळते ते सांधे झटक्याने ताणले जातात आणि काही आठवड्यांनी तिथे दाह सुरू होतो. यालाच डॉक्टर ‘कॉस्टोकॉन्ड्रायटिस’ म्हणतात. दुखणं छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला, बहुधा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीपाशी असतं. बऱ्याचदा एकाहून जास्त जागा दुखतात. दाबलं की कळ येते, पण बाहेरून सूज दिसत नाही. एकाच ठिकाणी टणक फुगवटा हाताला लागला, तर तो वेगळा आजार. जर्मन शल्यचिकित्सक अलेक्झांडर टिट्झे यांनी 1921 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

हाडाला चीर जाते ती सहसा दुसरीकडे, काखेखाली, छातीच्या बाजूला. त्याला कारण आहे. खांद्याच्या पात्याकडून येणारा स्नायू बरगडीला वर आणि बाहेर ओढतो, तर पोटाच्या बाजूचा तिरका स्नायू खाली आणि आत. दोघांची टोकं त्याच मधल्या बरगड्यांवर एकमेकांत गुंतलेली असतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका जागी तुटते, तसं इथे हाड थकतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने खोकल्यामुळे बरगडी मोडलेल्या 54 रुग्णांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत तीन चतुर्थांशाहून अधिक स्त्रिया होत्या आणि सर्वांत जास्त वेळा मोडलेली बरगडी होती सहावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, साठीच्या एका बाई पाच आठवडे खोकताहेत. आधी छातीच्या मधल्या हाडालगत डावीकडे दोन-तीन ठिकाणी दुखत होतं, कूस बदलताना जास्त. एका रात्री मोठी उबळ आली आणि उजव्या बाजूला ‘कट्’ झाल्यासारखं वाटलं. तेव्हापासून खोल श्वास घेववत नाही, आणि दुखणारी जागा एका बोटाएवढी आहे. तपासताना डॉक्टर एक हात छातीच्या मधल्या हाडावर आणि दुसरा पाठीवर ठेवून हलकेच दाबतात. दाब पुढे-मागे, पण कळ उठते बाजूला, त्याच जागी. पुढची डावीकडची दुखरी जागा कूर्चेची, ही बहुधा चिरेची. एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

एक्स-रे मात्र ‘नॉर्मल’ येतो, आणि रुग्णांचा गोंधळ उडतो तो इथेच. कूर्चा साध्या एक्स-रेत दिसतच नाही, आणि न सरकलेली बारीक चीर पहिल्या दिवसांत सहज निसटते. दोन-तीन आठवड्यांनी हाड जुळून येताना तिथे नव्या हाडाची गाठ धरते, ती मग फिल्मवर दिसते. म्हणून सुरुवातीच्या स्वच्छ एक्स-रेवरून ‘काही नाही’ म्हणणं मला पटत नाही. तरी तो काढावा, कारण त्याने न्यूमोनिया किंवा फुप्फुसाभोवती साठलेली हवा कळते.

उपचार दोन्हींत जवळपास सारखेच: वेदनाशामक, शेक, आणि खोकताना दुखऱ्या बाजूला उशी घट्ट धरणं. छातीला पट्टा आवळून बांधायची जुनी पद्धत टाळावी. त्याने श्वास उथळ होतो, कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. चीर साधारण सहा आठवड्यांत जुळते. कूर्चेचं दुखणं कधी कधी काही महिने रेंगाळतं. पण मूळ खोकला थांबल्याशिवाय दोन्ही बरं होणं अवघड. दमा, डांग्या खोकला, पित्त घशाशी येणं, रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांपैकी कारण शोधावं लागतं. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला की क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावीच.

एक सावधगिरी. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदयाचं नाही, असा निष्कर्ष घरी काढू नका. छातीवर दडपण, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, एकाएकी लागलेली धाप किंवा थुंकीतून रक्त असेल तर लगेच रुग्णालय गाठावं.

उदाहरणातल्या बाईंची एक तपासणी अजून राहिली. नुसत्या खोकल्याने बरगडी चिरली, तर या वयात हाडांची घनता मोजायला हवी. दम्यासाठी बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर नक्कीच. ती कमी निघाली, तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडं बळकट करणारी औषधं यांचा निर्णय डॉक्टर तेव्हाच घेऊ शकतात, खुब्याचं हाड मोडायच्या आधी.