यादीत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी आला, तर ती चूक असते का?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, शाळा आणि शिकवणीवर्ग यांच्या सभासदांच्या व विद्यार्थ्यांच्या याद्या आम्ही संगणकावर तयार करून देतो. तयार यादी हाती पडल्यावर एक शंका आम्हाला नेहमी विचारली जाते: "यादीत जेमतेम तीस नावे आहेत आणि वर्षाचे दिवस 365, तरीही दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा? टंकलेखनात चूक झाली आहे का?" चूक आहे की नाही हे आम्ही प्रत्येक वेळी मूळ अर्जावरून तपासतोच. परंतु तीस नावांच्या यादीत दोघांचा वाढदिवस जुळण्याची शक्यता सुमारे 71 टक्के असते, म्हणजे अशी जोडी न सापडणे हेच अधिक दुर्मिळ आहे. हा आकडा कसा येतो ते येथे सविस्तर मांडत आहोत. या पत्रकात 'वाढदिवस' म्हणजे केवळ दिवस व महिना, आणि 'जन्मतारीख' म्हणजे वर्षासह पूर्ण तारीख असे समजावे.

ही शक्यता थेट मोजायला गेल्यास हिशेब लगेच गुंतागुंतीचा होतो, कारण जुळण्याचे प्रकार अनेक आहेत: नेमकी एकच जोडी जुळेल, वेगवेगळ्या दिवशी दोन किंवा तीन जोड्या जुळतील, तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी येईल, तिघांचा एका दिवशी आणि आणखी दोघांचा दुसऱ्या दिवशी येईल, आणि यांतील प्रत्येक प्रकार वेगळा मोजून, कोणताही दोनदा मोजला जाणार नाही याची काळजी घेत, सर्वांची बेरीज करावी लागेल. याच्या उलट बाजूला मात्र एकच प्रकार आहे, तो म्हणजे सर्वांचे वाढदिवस वेगवेगळे असणे. एक तर सर्व वेगळे असतील, नाही तर निदान एक जोडी जुळेल. तिसरा पर्याय नाही. म्हणून सर्व वेगळे असण्याची शक्यता काढावी आणि ती 1 मधून वजा करावी.

आता यादी एकेका नावाने भरत जाऊ. पहिल्या सभासदाचा वाढदिवस कोणताही असला तरी चालतो. दुसऱ्याने तो एक दिवस टाळायचा असल्यामुळे त्याच्यासाठी 365 पैकी 364 दिवस मोकळे राहतात. तिसऱ्यासाठी 363, चौथ्यासाठी 362 आणि पाचव्यासाठी 361 दिवस उरतात. या सर्व अटी एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात, म्हणून अपूर्णांकांचा गुणाकार करायचा:

364/365 × 363/365 × 362/365 × 361/365 = 0.9729

म्हणजे पाच जणांत वाढदिवस जुळण्याची शक्यता जेमतेम 2.7 टक्के आहे, आणि येथपर्यंत आपला अंदाज गणिताशी जुळतो. पुढे मात्र प्रत्येक नवा सभासद आधीच्या सर्वांचे दिवस टाळत येत असल्यामुळे गुणायचा अपूर्णांक दर वेळी आणखी लहान होत जातो. दहा जणांपाशी गुणाकार 0.8831 होतो, विसांपाशी 0.5886, बाविसांपाशी 0.5243 आणि तेविसांपाशी 0.4927. येथे तो प्रथमच निम्म्याखाली उतरतो, म्हणून 23 जणांत निदान एक जोडी जुळण्याची शक्यता 0.5073, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक होते. हीच शक्यता 40 जणांत सुमारे 89 टक्के आणि 50 जणांत 97 टक्के आहे. ज्यांना स्वतः पडताळा घ्यायचा असेल त्यांनी एक्सेलच्या कोणत्याही चौकटीत पुढील सूत्र लिहावे आणि 23 च्या जागी दोन्ही ठिकाणी आपली सभासदसंख्या घालावी:

```
=1-PERMUT(365,23)/365^23
```

संख्या 120 च्या पुढे गेली की 365 चा घात एक्सेलच्या मर्यादेबाहेर जातो आणि सूत्र त्रुटी दाखवते. परंतु त्याच्या बऱ्याच आधी उत्तर जवळजवळ 1 झालेले असते.

तरीही 23 हा आकडा पटत नाही, कारण आपण नकळत वेगळाच प्रश्न मनात धरतो: "माझा वाढदिवस यांच्यापैकी कोणाशी जुळेल का?" त्या प्रश्नात तुलना केवळ 22 आहेत आणि उत्तर सुमारे 6 टक्के येते, ते निम्म्यापर्यंत नेण्यासाठी आपल्याखेरीज 253 माणसे लागतात. यादीचा प्रश्न कोणत्याही दोघांविषयी आहे, आणि 23 जणांतून दोघांच्या जोड्या 23 × 22 ÷ 2, म्हणजे 253 होतात. दोन्ही ठिकाणी तोच आकडा येणे हा योगायोग नाही, कारण निम्मी शक्यता गाठण्यासाठी दोन्ही प्रश्नांत तुलना साधारण तेवढ्याच लागतात.

वरील हिशेबात 29 फेब्रुवारी सोडून दिला आहे, पण त्याने फारसा फरक पडत नाही. वर्षातला प्रत्येक दिवस सारखाच संभवतो, हे दुसरे गृहीतक मात्र महाराष्ट्रात जपून वापरावे लागते. जुन्या पिढीतील अनेकांची खरी जन्मतारीख घरी नोंदलेली नव्हती आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिला. पुढे तोच दिवस दाखल्यावर आणि सर्व कागदपत्रांवर आला. एखादा दिवस असा वजनदार झाला की जुळण्याची शक्यता वाढतेच. उदाहरणादाखल, शंभरांतील पाच जणांच्या नावापुढे 1 जून आहे आणि बाकीचे इतर दिवशी सारखे विखुरले आहेत असे धरले, तर 23 जणांतील शक्यता 51 वरून सुमारे 65 टक्क्यांवर जाते.

काही ग्राहक विचारतात की वर्षासह पूर्ण जन्मतारीख जुळली तर ती दुबार नोंद मानावी का. सभासदांची वये चाळीस वर्षांच्या पट्ट्यात सारखी पसरली असतील, तर 365 च्या जागी सुमारे 14,610 तारखा येतात. त्याच पद्धतीने हिशेब केल्यास 143 सभासदांपाशीच पूर्ण तारीख जुळण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते. शाळेच्या एका वर्गात तर मुले बहुधा एक-दोन वर्षांतच जन्मलेली असतात, त्यामुळे तेथे ती आणखी लवकर जुळते. म्हणून केवळ तारखेवरून आम्ही कोणाचेही नाव कधीही वगळत नाही; वडिलांचे किंवा पतीचे नाव, पत्ता आणि मूळ अर्जावरील सही एकत्र पाहिल्यावरच नोंद दुबार ठरवतो. जुळ्या भावंडांच्या बाबतीत तर आडनाव, पत्ता आणि तारीख हे सर्वच जुळते, तेव्हा तेथे विशेष काळजी घ्यावी.

चुकीचा संशय केव्हा घ्यावा, हे जोड्या मोजून कळते. शंभर नावांत 4,950 जोड्या होतात आणि त्यांना 365 ने भागल्यास सरासरी तेरा-चौदा जोड्यांचे वाढदिवस जुळणे अपेक्षित आहे. आपल्या यादीत दहा किंवा अठरा जोड्या निघाल्या तर त्यात वावगे काही नाही. साठ-सत्तर निघाल्या, तर आधी यादी वाढदिवसाप्रमाणे लावून एखाद्या दिवशी गर्दी झाली आहे का ते पाहावे, कारण एकाच दिवशी बारा नावे आली तर त्या एका दिवसापायीच 66 जोड्या होतात. तो दिवस 1 जून असेल, किंवा केवळ वर्ष ठाऊक असताना टाकला जाणारा 1 जानेवारी असेल, तर त्या सभासदांचे दाखले पाहावेत. अन्य कोणताही दिवस असेल, तर माहिती भरताना वरच्या ओळीतील तारीख खाली उतरली असण्याचा संभव अधिक आहे, आणि अशी यादी आमच्याकडे मूळ अर्जांसह परत पाठवावी.