डीकेए : इन्सुलिनची ड्रिप कधी लावायची आणि कधी काढायची

डीकेए म्हणजे डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस : इन्सुलिन कमी पडल्याने रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. १८७४ साली एका जर्मन डॉक्टरांनी मधुमेहात असे बेशुद्ध पडलेल्या रुग्णांचा खोल, धापेचा श्वास नोंदवून ठेवला. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं हा श्वास म्हणजे मृत्यूची चाहूल होती. १९२२ मध्ये इन्सुलिन आलं आणि हे रुग्ण वाचू लागले. मात्र केस डिस्कशनमध्ये आज जे प्रश्न विचारले जातात, त्यांचा उगम इन्सुलिनच्या शोधात नाही, इन्सुलिन कसं द्यायचं या वादात आहे.

आम्लतेमुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून डोस मोठाच हवा, असा समज १९६०च्या दशकापर्यंत पक्का होता. पहिल्या दिवसात शेकडो युनिटं दिली जात. १९७०च्या दशकात तासाला पाच-सहा युनिटांची सततची ड्रिप देऊन पाहिली गेली. शुगर आणि कीटोन तितक्याच चांगल्या रीतीने उतरले, पण हायपोग्लायसेमिया आणि पोटॅशियमची घसरण कमी झाली. आजचा ०.१ युनिट प्रति किलो प्रति तास हा डोस तिथूनच आला.

पोटॅशियमचा धोका मात्र त्याआधीच कळला होता. उपचार सुरू असताना पोटॅशियम इतकं खाली गेलं की श्वसनाचे स्नायू लुळे पडले, अशी नोंद १९४६ मध्येच छापली गेली. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लघवी आणि उलट्यांतून पोटॅशियम आधीच वाहून गेलेलं असतं. इन्सुलिनच्या अभावामुळे आणि रक्त घट्ट झाल्यामुळे पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टवर आकडा नॉर्मल किंवा जास्तही दिसतो. इन्सुलिन मिळताच ते पेशींत परततं आणि खरी तूट उघडी पडते. म्हणूनच रिपोर्टवर सुरुवातीलाच आकडा कमी असेल तर तूट फार मोठी आहे असं समजायचं.

एक केस घेऊ. १९ वर्षांची मुलगी, वजन ५० किलो. दोन दिवस उलट्या आणि पोटदुखी, त्यामुळे आधी सर्जरीकडे पाठवलेली. जीभ कोरडी, नाडी १२४, श्वास खोल. शुगर ४१२, पीएच ७.०८, बायकार्बोनेट ७, रक्तातले कीटोन ५.८, पोटॅशियम ३.१. बहुतेक विद्यार्थी इथे लगेच इन्सुलिन सांगतात. ते चूक आहे. पहिल्या तासात एक लिटर नॉर्मल सलाईन, लघवी होते आहे याची खात्री, मॉनिटरवर ईसीजी आणि तासाला १० ते २० मिलिमोल पोटॅशियम. इन्सुलिन थांबवून ठेवायचं. पोटॅशियम ज्याच्या खाली असताना इन्सुलिन सुरू करायचं नाही, ती मर्यादा २००९च्या मार्गदर्शक सूचनांत ३.३ होती, २०२४च्या सूचनांत ती ३.५ झाली.

तीन तासांनी पोटॅशियम ३.७ आलं. आता ५० मिली सलाईनमध्ये ५० युनिट रेग्युलर इन्सुलिन, सिरिंज पंप तासाला ५ मिलीवर. पोटॅशियम सलाईनमधून चालूच, दर दोन तासांनी तपासणी. पीएच ७.०च्या खाली नसल्याने बायकार्बोनेट नको.

खरा गोंधळ यानंतर होतो. आणखी काही तासांनी शुगर २३२ आली, पण पीएच ७.१९ आणि कीटोन २.९. शुगर आटोक्यात आली म्हणून रात्री कुणीतरी ड्रिप बंद करतं आणि सकाळी रुग्ण पुन्हा धापा टाकत असतो. ही चूक आजही वॉर्डात सर्रास होते, आणि माझ्या मते तिचं मूळ वर्षानुवर्षं शुगरवरच नजर ठेवण्याच्या सवयीत आहे. शुगर लवकर उतरते, कीटोन मागे राहतात. त्यामुळे २५०च्या खाली आल्यावर ५ टक्के डेक्स्ट्रोज जोडायचं, इन्सुलिन तासाला अडीच युनिटांवर आणायचं, पण चालू ठेवायचं. लघवीतले कीटोन तपासणाऱ्या पट्टीवर या टप्प्यात विसंबू नये. पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हा कीटोन ओळखते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा नाही, आणि बरं होताना दुसऱ्याचं रूपांतर पहिल्यात होतं. रुग्ण सुधारत असतो तरी पट्टी गडदच राहते.

शुगरवरचा हा भर डीकेएच्या व्याख्येतूनही सुटत गेला. मधुमेहावरची एसजीएलटी-२ गटाची औषधं घेणाऱ्यांत जवळपास नॉर्मल शुगर असतानाही डीकेए होतो, असा इशारा २०१५ मध्ये दिला गेला. २०२४च्या व्याख्येत शुगरची अट २५० वरून २०० वर आली, आणि मधुमेह आधीपासून माहीत असेल तर तीही लागत नाही.

या मुलीचे कीटोन दुसऱ्या सकाळी ०.५ झाले, पीएच ७.३४, बायकार्बोनेट १९. तिने नाश्ता केला, त्वचेखाली बेसल इन्सुलिन दिलं गेलं, आणि ड्रिप त्यानंतर दोन तासांनी काढली.